राउटरमध्ये मॅक ॲड्रेसची यादी कशी लावावी आणि तिच्यावर किती विसंबावे

ऐरोलीतील आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी इमारत त्यांना बाई म्हणते. नववी-दहावीची मुले त्यांच्याकडे गणित शिकायला येतात आणि घरातील वाय-फायचा पासवर्ड म्हणजे बाईंचाच मोबाइल नंबर असल्यामुळे तो आजच्या मुलांना, मागच्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना आणि जोडणी करून गेलेल्या तंत्रज्ञाला, अशा सगळ्यांना ठाऊक होता. संध्याकाळी इंटरनेट मंद होऊ लागले, तेव्हा त्यांना कोणीतरी सल्ला दिला, की राउटरमध्ये घरातील उपकरणांच्या मॅक ॲड्रेसची यादी भरावी, म्हणजे यादीबाहेरचे कोणतेही उपकरण आत येऊच शकणार नाही. ही यादी लावून देण्यासाठी त्यांनी मला बोलावले. मी ती लावून दिली आणि नंतर त्यांच्यासमोरच ती कशी ओलांडता येते हेही दाखवले. पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे, कारण यादी स्वतःच्या हाताने लावून पाहिल्याशिवाय तिची मर्यादा नीट कळत नाही असा माझा अनुभव आहे.

मॅक ॲड्रेस म्हणजे काय

वाय-फाय असलेल्या प्रत्येक उपकरणाच्या रेडिओ चिपला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. तो बारा अक्षरांचा असतो आणि त्यात 0 ते 9 हे अंक व A ते F ही अक्षरे येतात. वाचायला सोपे जावे म्हणून तो दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत लिहितात, उदाहरणार्थ `00:00:5E:00:53:1F`. पहिल्या तीन जोड्यांवरून सहसा चिप किंवा उपकरण बनवणारी कंपनी ओळखता येते, कारण तो भाग आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटून देते. उरलेल्या तीन जोड्या कंपनी स्वतः भरते. राउटर घरातील उपकरणांना ओळखतो तो या क्रमांकावरून, आणि एखाद्याला पाठवायची माहिती दुसऱ्याकडे जाऊ नये यासाठीही त्याला याच क्रमांकाची गरज असते.

यादीची कल्पना त्यावरच उभी आहे. उपकरण जोडणीची विनंती करते तेव्हा राउटर विनंतीवरील मॅक ॲड्रेस यादीशी ताडून पाहतो. तो यादीत असेल तर पुढे जाऊ देतो, नसेल तर नकार देतो. विनंतीवर लिहिलेला क्रमांक खरोखर त्याच उपकरणाचा आहे की नाही, हे तपासण्याचे कोणतेही साधन राउटरकडे नसते. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

यादीला हात लावण्यापूर्वी

सर्वांत आधी लॅपटॉप आणि राउटर नेटवर्कच्या वायरने जोडावेत. नवशिक्यांकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे वाय-फायवरूनच सेटिंग उघडणे, रिकामी किंवा अर्धवट यादी चालू करणे आणि त्याच क्षणी स्वतःच बाहेर फेकले जाणे. मग राउटरच्या मागील बारीक छिद्रात पिन खुपसून तो मूळ स्थितीला आणावा लागतो. आपल्याकडे अनेक घरांत फायबरचा बॉक्स इंटरनेट कंपनीने दिलेला असतो आणि त्यात कंपनीचे यूजरनेम, पासवर्ड आणि इतर मांडणी भरलेली असते. पिन दाबली की तीही पुसली जाऊ शकते आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद पडते. म्हणून सेटिंगच्या पानावर `Backup` ही सोय असेल तर ती वापरून सध्याची मांडणी फाइलमध्ये साठवून ठेवावी. काही नव्या मॉडेलांत यादीचा नियम वायरने जोडलेल्या उपकरणांनाही लागू होतो, त्यामुळे ज्या लॅपटॉपवरून आपण काम करत आहोत त्याचे दोन्ही क्रमांक, म्हणजे वाय-फायचा आणि वायरच्या पोर्टचा, यादीत सर्वांत आधी घालावेत.

राउटरच्या सेटिंगचे पान बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` या पत्त्यावर उघडते. खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा द्यावी. `Default Gateway` समोर दिसणारा पत्ता राउटरचा असतो.

```
ipconfig
```

क्रमांक गोळा करणे

बाईंच्या घरी आम्ही वहीचे एक पान घेतले आणि उपकरणे मोजली. फोन, टॅब, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, स्वयंपाकघरातील स्मार्ट स्पीकर, वाय-फाय आतल्या खोलीपर्यंत पोचवणारा बेडरूममधील एक्स्टेंडर, पुण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या मुलाचा फोन व लॅपटॉप आणि सुनेचा फोन, अशी अकरा निघाली. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिला काही ठिकाणी `DHCP Client List` तर काही ठिकाणी `Connected Devices` असे नाव असते. शिकवणीच्या वेळी तीत सतरा ओळी दिसत होत्या. त्यांतील टीव्हीच्या ओळीपुढे काहीच नाव नव्हते, तेव्हा मी म्हणालो, "बाई, टीव्ही बंद करून पुन्हा लावा." टीव्ही बंद केल्यावर जी ओळ थोड्या वेळाने गेली आणि लावल्यावर परत आली, ती टीव्हीची. नाव नसलेली उपकरणे ओळखण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

लॅपटॉपचा क्रमांक विंडोजमध्ये पुढील आज्ञेने मिळतो. उत्तरात वाय-फायच्या आणि वायरच्या अशा दोन ओळी येतात. `Physical Address` या रकान्यातील योग्य ओळ उतरवून घ्यावी.

```
getmac /v
```

टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा क्रमांक त्यांच्या मागील किंवा खालील स्टिकरवर `MAC` या अक्षरांपुढे छापलेला असतो. स्टिकरवर दोन क्रमांक असतील तर वाय-फायचा कोणता हे पाहून घ्यावे. हाताने उतरवताना इंग्रजी B आणि आठ, तसेच D आणि शून्य यांत गफलत होते. मॅक ॲड्रेसमध्ये O हे अक्षर कधीच येत नाही, त्यामुळे गोल आकार दिसला तर तो शून्य किंवा D एवढेच पर्याय उरतात.

फोनच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा लागतो. दुकाने, मॉल आणि स्थानके यांना एकाच क्रमांकावरून माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून आजचे फोन खरा क्रमांक लपवून प्रत्येक वाय-फायसाठी एक वेगळा, मनाने बनवलेला क्रमांक वापरतात. अँड्रॉइडमध्ये 2019 मधील दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये 2020 मधील आयओएस 14 पासून ही सोय मुळातच चालू असते. असा क्रमांक नजरेने ओळखता येतो: पहिल्या जोडीतील दुसरे अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो कारखान्यात दिलेला नसून उपकरणाने स्वतः बनवलेला आहे असे समजावे. बाईंच्या फोनने राउटरला दिलेला क्रमांक `D2` ने सुरू होत होता आणि 'अबाउट फोन'मधील क्रमांक वेगळाच होता. त्यांनी आधी तोच वहीत लिहून ठेवला होता. तसाच भरला असता तर यादी चालू होताच घरमालकिणीचाच फोन बाहेर पडला असता.

म्हणून घरच्या वाय-फायपुरती ही सोय बंद करावी लागते. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन `Privacy` मध्ये `Use device MAC` निवडावे. काही फोनमध्ये तेच `MAC address type` आणि `Phone MAC` या नावांनी दिसते. आयफोनमध्ये नेटवर्कच्या नावापुढील i या चिन्हावर बोट ठेवून `Private Wi-Fi Address` बंद करावे. नव्या आयफोनमध्ये तेथे `Off`, `Fixed` आणि `Rotating` असे तीन पर्याय मिळतात. `Rotating` असेल तर क्रमांक सुमारे दोन आठवड्यांनी बदलतो, आणि महिन्यातून दोनदा फोन कारण नसताना तुटतो असे वाटू लागते. आता हेही पाहावे, की यादी लावण्यासाठी आपण फोनमधील गोपनीयतेची एक चांगली सोय बंद करत आहोत. यादीची ही पहिली किंमत आहे, आणि ती देण्याजोगी आहे का याचे उत्तर पुढे मिळेल.

यादी चालू करणे

सेटिंगच्या पानावर हा विभाग मॉडेलप्रमाणे `Wireless MAC Filtering`, `MAC Filter` किंवा `Access Control` या नावाने सापडतो. त्यात दोन पद्धती असतात. एका पद्धतीत यादीतील उपकरणांनाच प्रवेश मिळतो आणि तिला `Allow` किंवा `Whitelist` म्हणतात. दुसरीत यादीतील उपकरणे सोडून सर्वांना प्रवेश मिळतो आणि तिला `Deny` किंवा `Blacklist` म्हणतात. दोन्हींची गल्लत केली तर घरची सगळी उपकरणे बाहेर आणि बाकीचे आत असा उलटा प्रकार होतो. येथे आपल्याला पहिली पद्धत हवी आहे. दुसरी तर फारच कच्ची, कारण अडवलेल्या फोनने खासगी क्रमांकाची सोय चालू केली की तो राउटरच्या दृष्टीने नवाच फोन ठरतो आणि सरळ आत येतो. मुलांचा टॅब रात्री बंद राहावा म्हणून ती लावणाऱ्या पालकांना हा अनुभव लवकरच येतो.

क्रमांक एकेक करून भरावेत आणि प्रत्येकापुढे 'टीव्ही', 'प्रिंटर' असे ओळखीचे नाव लिहावे. सर्व भरून झाल्यावरच यादी चालू करावी आणि साठवावी. राउटरला 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर जुन्या मॉडेलांत यादी दोन्हींसाठी स्वतंत्रपणे भरावी लागते. एकाच पट्ट्यावर लावून दुसरा तसाच सोडलेली घरे मी पाहिली आहेत. तेथे यादी आहे या समाधानापलीकडे काहीच नसते. पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय, म्हणजे गेस्ट नेटवर्क, चालू असेल तर यादी त्याला लागू होते का हेही पाहावे.

यानंतर यादीत नसलेल्या फोनवरून, बरोबर पासवर्ड देऊन, जोडणी करून पाहावी. ती झाली नाही तर यादी काम करत आहे. फोनवर मात्र 'तुम्ही यादीत नाही' असा संदेश येत नाही. पासवर्ड चुकीचा आहे किंवा जोडता येत नाही, एवढेच दिसते. काही महिन्यांनी घरात नवा फोन येतो, यादीचा विसर पडलेला असतो, आणि माणूस पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करून थकतो. सगळ्यांचे चालते आणि एकाच उपकरणाचे पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही, असे दिसले तर प्रथम यादी तपासावी.

बाईंच्या घरी दुसऱ्याच दिवशी टॅब अडला. हॉलमध्ये तो चालत होता, बेडरूममध्ये चालत नव्हता. काही एक्स्टेंडर आपल्यामागील उपकरणाचा क्रमांक जसाच्या तसा राउटरकडे पाठवत नाहीत. त्याचा पहिला अर्धा भाग बदलून पाठवतात. हॉलमध्ये टॅब थेट राउटरशी बोलत होता म्हणून यादीत सापडत होता, बेडरूममध्ये एक्स्टेंडरमार्फत बोलत असल्यामुळे त्याचा क्रमांक वेगळा दिसत होता. हा बदललेला क्रमांकही यादीत भरावा लागला.

क्रमांक उघडा का असतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाय-फायवर पासवर्ड असला की हवेतून जाणारी माहिती कूटबद्ध होते हे खरे आहे, परंतु प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक ॲड्रेस असतो, तो भाग कूटबद्ध होत नाही. हा कोणाचा निष्काळजीपणा नाही. राउटर आणि प्रत्येक उपकरण यांच्यात वेगळी किल्ली ठरलेली असते; आलेला संदेश उलगडायला यांपैकी कोणती किल्ली वापरायची हे राउटरला कळायचे असेल, तर संदेश कोणाकडून आला हे त्याला उलगडण्याच्या आधीच दिसले पाहिजे. म्हणून वाय-फायच्या सुरक्षेची जुनी पद्धत डब्ल्यूपीए2 असो की नवी डब्ल्यूपीए3, तो क्रमांक उघडाच जातो.

सोसायटीच्या फाटकाचे उदाहरण येथे जवळचे आहे. वॉचमनकडे गाड्यांच्या नंबरांची यादी आहे आणि `MH 43` ने सुरू होणारा विशिष्ट नंबर दिसला की तो अडथळा वर करतो. पण तो नंबर गाडीच्या बाहेर, सर्वांना वाचता येईल असा लावलेला आहे. रस्त्यावर उभे राहून कोणीही तो लिहून घेऊ शकतो आणि तशीच पाटी बनवून दुसऱ्या गाडीला लावू शकतो. वॉचमन पाटी वाचतो, गाडीची किल्ली तपासत नाही. वाय-फायमधील फरक एवढाच, की येथे पाटी बनवायला कारागीर लागत नाही.

अनेक वाय-फाय कार्डांना दुसऱ्याचे संदेश नुसते ऐकण्याच्या स्थितीत ठेवता येते, तिला मॉनिटर मोड म्हणतात. ऐकणारे कार्ड स्वतः काहीच पाठवत नसल्यामुळे ते राउटरला दिसत नाही. आणि आपला क्रमांक बदलणे ही काही चोरवाट नाही. लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्यासाठी `Cloned Address` नावाचा साधा रकाना असतो, विंडोजमध्येही अनेक कार्डांच्या प्रगत गुणधर्मांत `Network Address` असा रकाना मिळतो. फोन तर, वर पाहिल्याप्रमाणे, प्रत्येक वाय-फायला वेगळाच क्रमांक देतात. कारखान्यातील क्रमांक हा पक्का असतो हा समज आज कोठेच टिकत नाही.

बाईंच्या घरी केलेला प्रयोग

हा प्रयोग मी बाईंच्या परवानगीने, त्यांच्याच राउटरवर केला. दुसऱ्याच्या नेटवर्कवर तो करू नये. माझा लिनक्स असलेला लॅपटॉप यादीत नव्हता, पण पासवर्ड मला माहीत होता, म्हणजे मी नेमका त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या जागी होतो. आधी सरळ जोडून पाहिले; राउटरने नकार दिला. यादी आपले काम करत होती.

मग लॅपटॉप मॉनिटर मोडमध्ये ठेवून त्यांच्या राउटरशी कोण बोलत आहे एवढेच ऐकले. चहा होईपर्यंत पडद्यावर सात क्रमांक उमटले होते. त्यात टीव्हीचाही होता, कारण तेव्हा त्यावर मालिका चालू होती. ती संपली, बाईंनी टीव्ही मुख्य बटणावरून बंद केला, आणि मी टीव्हीचा क्रमांक `Cloned Address` मध्ये लिहून पुन्हा जोडणी केली. लॅपटॉप जोडला गेला. क्रमांक लिहायला एक मिनिटही लागले नाही.

बाईंना खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. मी त्यांच्या लॅपटॉपवर जोडलेल्या उपकरणांचे पान उघडले. समोरचा टीव्ही काळा पडलेला, आणि पानावर मात्र आम्हीच दिलेल्या 'टीव्ही' या नावाची ओळ चालू दिसत होती. यादी नसती तर तेथे अनोळखी क्रमांकाची बारावी ओळ आली असती आणि ती बाईंच्या डोळ्यांत भरली असती. यादीमुळे आगंतुकाला घरच्याच उपकरणाचे नाव धारण करावे लागते, आणि त्यामुळे तो अधिकच लपतो. माझ्या मते या उपायातील हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू असती तर काय झाले असते, हेही आम्ही पाहिले. टीव्ही लावल्यावर चित्र अडखळू लागले, लॅपटॉपची जोडणी तुटत राहिली, कारण एकाला दिलेले उत्तर दुसऱ्याकडेही पोचत होते आणि राउटर कधी एकाशी, कधी दुसऱ्याशी नव्याने किल्ली ठरवत होता. एखादेच उपकरण वारंवार तुटत असेल आणि बाकीची नीट असतील तर हे एक कारण असू शकते. पण जाणकार माणूस ही वेळ येऊ देत नाही. सकाळी लोकल पकडण्यासाठी घरातील माणसे निघाली की त्यांचे फोनही घराबाहेर जातात, आणि सकाळी ऐकलेला क्रमांक संध्याकाळपर्यंत मोकळा असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पासवर्ड माहीत नसता तर टीव्हीचा क्रमांक घेऊनही मला आत जाता आले नसते, कारण किल्ली ठरवण्याच्या टप्प्यावर मी अडलो असतो. म्हणजे पासवर्ड बाहेर गेलेला नसेल आणि तो भक्कम असेल, तर यादीने त्यात काही भर पडत नाही. आणि पासवर्ड बाहेर गेलेला असेल, तर यादी फक्त त्यालाच अडवते ज्याला क्रमांक बदलणे माहीत नाही. दहावीतील मुलाला ते शिकायला एक दुपार पुरते.

नवी मुंबईकरांनी या बाबतीत गाफील राहू नये याला एक कारण आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्याच्या थोडेच आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल गेला, आणि आयपी पत्त्याचा माग तपास यंत्रणेला सानपाड्यातील एका घरापर्यंत घेऊन आला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या असुरक्षित वाय-फायचा कोणीतरी वापर केला होता आणि चौकशीला त्याला सामोरे जावे लागले. इंटरनेट कंपनीच्या नोंदीत नाव जोडणीच्या मालकाचे असते; घरातील राउटरवर कोणता मॅक ॲड्रेस होता हे बाहेर जातच नाही, कारण तो क्रमांक राउटरच्या पलीकडे पोचत नाही.

यादीऐवजी बाईंकडे काय केले

प्रयोगानंतर आम्ही यादी बंद केली आणि पासवर्ड बदलला. मोबाइल नंबर हा पासवर्ड म्हणून का चालत नाही, हे हिशेबाने समजते. आपल्याकडील मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो आणि पुढे नऊ अंक असतात, म्हणजे एकूण 400 कोटी शक्यता. डब्ल्यूपीए2 मध्ये एखादे उपकरण जोडले जाताना होणारी देवाणघेवाण ऐकून साठवता येते आणि नंतर घरी बसून एकेक पासवर्ड त्यावर लावून पाहता येतो. संगणक सेकंदाला चार लाख पासवर्ड तपासत असेल, आणि आजची चांगली ग्राफिक्स कार्डे एवढे सहज करतात, तर सगळे मोबाइल नंबर संपायला दहा हजार सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन तास. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा ठेवता येतो. आम्ही एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये रेघ देऊन घेतले. `parat-ghungru-matki-jahaj-khadu` अशा धर्तीचे. बाईंना तो पाठ झाला, आणि हेच शब्द कोणी घेऊ नयेत म्हणून येथे दुसरे दिले आहेत. सुविचार किंवा गाण्याची ओळ घेऊ नये. शब्द शब्दकोशातून डोळे मिटून उचललेले असावेत.

सुरक्षेच्या प्रकारात `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय निवडला, कारण प्रिंटर जुना होता. सर्व उपकरणे नवी असतील तर फक्त डब्ल्यूपीए3 ठेवावे. त्यात साठवलेल्या देवाणघेवाणीवर घरी बसून पासवर्ड लावून पाहता येत नाही. पासवर्ड न टाइप करता बटण किंवा पिनने जोडणी करून देणारी `WPS` ही सोय बंद केली, कारण तीतील आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडू शकते, ही त्रुटी 2011 पासून जाहीर आहे. राउटरच्या सेटिंगचा स्वतःचा पासवर्डही बदलला. तो कारखान्यातलाच राहिला असता तर एकदा आत आलेल्या कोणालाही यादीत स्वतःची भर घालता आली असती.

मुलांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळ्या नावाने चालू केले आणि `Allow guests to access my local network` या ओळीपुढील खूण काढली, त्यामुळे मुलांच्या फोनला बाईंचा प्रिंटर आणि कॅमेरा दिसत नाही. त्याचा पासवर्ड दर जूनमध्ये, नवी तुकडी आली की बदलायचा असे ठरले. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो आणि त्याचे काही बिघडत नाही.

यादी भरायला आणि टॅबचा घोळ निस्तरायला मिळून दोन संध्याकाळी गेल्या होत्या. नवा पासवर्ड अकरा उपकरणांत घालायला पाऊण तास लागला, त्यातील निम्मा वेळ प्रिंटरच्या चार बटणांवर गेला. फोनमधील खासगी क्रमांकाची सोय आम्ही पुन्हा चालू केली. अँड्रॉइडमध्ये घरच्या नेटवर्कसाठी तो सहसा तोच राहतो, त्यामुळे बाईंच्या फोनची ओळ पुन्हा `D2` ने सुरू झाली.

वहीचे ते पान मात्र बाईंनी ठेवले आहे. महिन्यातून एकदा त्या जोडलेल्या उपकरणांचे पान उघडतात आणि वहीशी ताडून पाहतात; आता तेथे बारावी ओळ आली तर ती बारावी म्हणूनच दिसते. मागच्या महिन्यात एक अनोळखी ओळ दिसली, तेव्हा त्यांनी मला खालून हाक मारली. पहिल्या जोडीतील दुसरे अक्षर त्यांनी आधीच पाहिले होते. "E आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे फोनच असणार." सुनेने नवा आयफोन घेतला होता.